टिंबानंतरचं पहिलं घर

[दृश्य: शाळेचं मैदान, लांब उडीचा खड्डा. नंतर वर्गातला फळा.]

फळ्यावर दोन उड्यांची नोंद आहे. एक २.५ मीटर, दुसरी २.३५ मीटर. लांब उडी कुणाची, असं विचारलं की पाचवीतली बरीच मुलं दुसरीचं नाव घेतात. पस्तीस पाचापेक्षा मोठे आहेत, मग तीच जिंकली!

हे उत्तर निष्काळजीपणातून येत नाही. टिंब मुलांनी आधीच पाहिलेलं असतं. घड्याळात ५.३० वाजतात, त्यात तीस मिनिटं असतात. क्रिकेटच्या धावफलकावर ४.५ षटकं दिसतात आणि पुढचा चेंडू पडला की पाच षटकं पूर्ण होतात. या दोन्ही ठिकाणी टिंब म्हणजे दोन वेगळ्या मोजण्यांमधली भिंत. तीच समजूत मूल गणितात घेऊन येतं.

पैशांचं उदाहरण घाईने दिलं तर ती आणखी पक्की होते. टिंबाच्या डावीकडे रुपये, उजवीकडे पैसे, एवढंच सांगितलं की ७ रुपये २५ पैसे बरोबर लिहिले जातात. मग ७ रुपये ५ पैसे लिहायला सांगा. वहीत ७.५ येतं.

[दृश्य: जुनी नाणी, जवळून.]

१ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे सोळा आणे होत, चौसष्ट पैसे होत. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि दहा पैशांचं नाणं बरोबर रुपयाचा दहावा भाग झालं. पण २०११ च्या जूनअखेर पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. टिंबानंतरचं पहिलं घर ज्या नाण्याने दाखवायचं, ते आजच्या मुलाच्या हाती कधी आलेलंच नाही.

म्हणून वर्गात पुठ्ठ्याची नाणी करावी लागतात, आणि ती तीनच प्रकारची: एक रुपया, दहा पैसे, एक पैसा. पन्नास आणि पंचवीस पैसे सुरुवातीला मुद्दाम बाजूला ठेवायचे, कारण त्यांना स्वतःचं घर नाही. सात रुपये पाच पैसे मांडताना रुपयाच्या घरात सात नाणी, दहा पैशांचं घर रिकामं, पैशाच्या घरात पाच. रिकाम्या घरात शून्य: ७.०५. पैशाच्या घरात दहा नाणी जमली की ती देऊन दहा पैशांचं एक घ्यायचं. हातच्याची बेरीज आपोआप सुरू होते.

तरी एक अडचण उरते. दहा पैशांचा पुठ्ठा एका पैशाच्या दसपट मोठा दिसत नाही. किंमत मानावी लागते. मीटरपट्टीवर ती डोळ्यांना दिसते.

[दृश्य: मुलं बाक मोजताहेत.]

मुलांकडे एक मीटरपट्टी, दहा-दहा सेंटिमीटरच्या कागदी पट्ट्या आणि सेंटिमीटरचे तुकडे आहेत. दहा सेंटिमीटरच्या पट्टीचं नाव डेसिमीटर. बाजारात हे माप कुणी वापरत नाही, त्यामुळे शिकवतानाही ते गाळलं जातं. माझ्या मते सगळा घोळ तिथेच होतो. मीटरवरून थेट सेंटिमीटरवर उडी मारली की दशांशाचं घर पायाखालून निघून जातं.

बाकावर मीटरपट्टी एकदा बसली. उरलेल्या जागेत डेसिमीटरची एकही पट्टी बसत नाही. सेंटिमीटरचे सात तुकडे बसतात. एक मुलगा १.७ लिहितो. बाई चूक सांगत नाहीत. "तू लिहिलंस तेवढं मांडून दाखव बरं," म्हणतात. तो मीटरपट्टीपुढे डेसिमीटरच्या सात पट्ट्या ठेवतो आणि त्या बाकाच्या बऱ्याच बाहेर जातात. तो स्वतःच शून्य लिहितो: १.०७.

याच पट्टीवर २.५ आणि २.५० एकाच रेषेवर येतात. पैशांत हे कळत नाही, कारण तिथे दोन अंक लिहायची सवयच असते. शिवाय पैसे शतांशाला थांबतात. मीटरपट्टीवर मिलिमीटर आहेत, म्हणून सहस्रांशही बोटाने दाखवता येतो.

[दृश्य: वही, दोन जोड्या.]

समजलं की नाही, हे पाहायला एक प्रश्न पुरत नाही. ०.४ आणि ०.१२५ मध्ये मोठा कोणता? जो १२५ म्हणतो, तो अजून भिंतीच्या पलीकडचा आकडा वेगळा वाचतो आहे. पण ०.४ म्हणणाऱ्यांतही काहींनी 'जास्त अंक म्हणजे बारीक तुकडे, म्हणजे लहान संख्या' असा नियम मनाशी धरलेला असतो. त्यांच्यासाठी दुसरी जोडी: ०.३ आणि ०.४५. इथे ते ०.३ मोठा सांगतात. अशा मुलाला पट्ट्या पुन्हा द्यायच्या: एकीकडे तीन डेसिमीटर, दुसरीकडे चार डेसिमीटर आणि पाच सेंटिमीटर. दोन्ही शेजारी ठेवून तो पाहील, आणि मगच वहीत लिहील.