‘परिणाम’ हा शब्द खोडून बघा

(अर्थशास्त्राच्या एम.ए. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)

दरवर्षी जुलैत माझ्याकडे प्रबंधाच्या विषयांचे कागद येतात. त्यातले निम्मे एकाच साच्यातले: ‘अमुक योजनेचा शेतकऱ्यांवर झालेला परिणाम : एक अभ्यास’. मागे एका विद्यार्थिनीने आणला होता, ‘ठिबक सिंचनाचा रावेर तालुक्यातील केळी उत्पादकांवर परिणाम’. घरची केळी, वडिलांनी ठिबक घेतलेलं, म्हणजे विषय तिला अंगणाइतका ओळखीचा. मी म्हटलं, ‘परिणाम’ हा शब्द खोड आणि त्या जागी तुला नक्की काय मोजायचंय ते लिही. ती पंधरा मिनिटं गप्प होती. मग म्हणाली, ‘सर, पाणी वाचतं का ते बघायचंय.’

हा अजून प्रश्न नाही, पण वाचायला सुरुवात करण्याइतका धागा हाती आला.

तिने वाचलं आणि गोंधळून परत आली. काही लेख म्हणत होते, ठिबकने पाणी वाचतं. प्रयोग केलेत, आकडे आहेत. काही म्हणत होते, उलट वापर वाढतो. वॉर्ड आणि पुलिडो-व्हेलाझकेझ यांचा २००८चा लेख अमेरिकेतल्या रिओ ग्रांदेच्या वरच्या खोऱ्यावर आहे. ठिबकला अनुदान दिलं तर खोऱ्यातला एकूण पाणीवापर वाढू शकतो, असं तो दाखवतो. ‘आता कोणाचं खरं धरू?’

मी तिला एक्सेलची शीट उघडायला लावली. एका ओळीत एक लेख. रकाने पाचच: प्रश्न काय, कुठे, कसं मोजलं, काय सापडलं आणि *कशाचं* पाणी मोजलं. हा शेवटचा रकाना मी मुद्दाम घालायला लावला. पंधरा-सोळा लेख भरल्यावर तिनेच त्या रकान्यावरून शीट सॉर्ट केली आणि भांडण बरंचसं मिटलं. पाणी वाचतं म्हणणाऱ्यांनी बहुतेक एका प्लॉटला दिलेलं पाणी मोजलं होतं. वाढतं म्हणणाऱ्यांनी अख्ख्या शेताचा उपसा किंवा खोऱ्यात पिकांनी संपवलेलं पाणी धरलं होतं. मोकाट पाणी दिलं की त्यातलं काही झिरपून पुन्हा विहिरीत येतं, कधी शेजाऱ्याच्याही. प्लॉट मोजणारा त्याला नासाडी म्हणतो, खोरं मोजणारा म्हणत नाही. दोघंही आपापल्या मापाने बरोबर.

साहित्याचा आढावा म्हणजे हे सॉर्ट केलेलं शीट गद्यात लिहिणं. ‘अमुक (२०१२) यांनी असे म्हटले आहे, तमुक (२०१५) यांच्या मते’ असं लिहीत गेलात तर ती लेखांची हजेरी होते. तिच्या आढाव्याचे तीन भाग पडले: प्लॉट, शेत, खोरं. परिच्छेदाचं पहिलं वाक्य लेखकाच्या नावाने नाही, दाव्याने सुरू करायचं. नावं कंसात जातात. वाचलेला एखादा लेख कुठेच बसत नसेल तर तो सोडा, कितीही कष्टाने मिळवलेला असो. (हे कोणी ऐकत नाही.)

मधल्या भागात तिला जागा दिसली. शेताच्या पातळीवर, तिच्या पट्ट्यातल्या केळीबद्दल तिला फारसं काही सापडलं नाही. ‘यावर कोणी लिहिलेलं नाही’ असं मात्र लिहू नका. तुम्ही कुठे, कोणत्या शब्दांनी शोधलं ते लिहा; शोधगंगेवर मराठी आणि इंग्रजी दोन्ही शब्द टाकून बघितलेत का, तेही.

मग प्रश्न ठरला: ‘ठिबक घेतल्यानंतर पाच वर्षांत केळी उत्पादकांनी बागायती क्षेत्र वाढवलं का, आणि त्यासाठी वाचलेलं पाणी वापरलं का?’ पहिला अर्धा भाग टिकला, दुसरा पहिल्याच गावात अडकला. पंपाचा उपसा मोजायला सोपी युक्ती आहे. दोनशे लिटरचा ड्रम लावायचा, घड्याळ बघायचं. चाळीस सेकंदांत भरला, तर तासाला अठरा हजार लिटर. पण ठिबकच्या आधी पंप किती तास चालायचा, हे पाच वर्षांनी कोणाला आठवतं? शिवाय कित्येकांकडे ऑटो स्टार्टर. लाइट आली की पंप सुरू, गेली की बंद. तास महावितरण ठरवतं, ठिबक नाही.

म्हणजे उपसा तेवढाच राहून पाणी नव्या क्षेत्राला जात असणार, ही शंका पक्की झाली. पण जुना उपसा सिद्ध करता येईना. तिने प्रश्नाचा तो तुकडा काढला आणि क्षेत्रावर थांबली, कारण क्षेत्राला कागद असतो. सातबाऱ्यावरच्या पीकपाहणीत पीक, क्षेत्र आणि सिंचनाचं साधन येतं. नोंदी चुकतात, मागचंच पीक पुढे ओढलेलं असतं, म्हणून चाळीस शेतकऱ्यांपैकी दहांच्या बांधावर जाऊन तिने ताडून पाहिलं. तीन ठिकाणी जुळलं नाही. ते तिने मर्यादांच्या प्रकरणात न दडवता पद्धतीच्या प्रकरणातच लिहिलं, आणि मग परत आढाव्याकडे जाऊन खोऱ्याचा भाग दोन पानांवरून अर्ध्या पानावर आणला.