खालच्या पट्टीतले तीन आकडे

[दृश्य: पहाटेचे दूध संकलन केंद्र. कॅन ओतला जातो. मग टेबलावरचा संगणक.]

दूध संकलन केंद्रावर दहा दिवसांचे बिल काढायचे असते, तेव्हा लेखनिकाला आधी एकच गोष्ट पाहायची असते: वहीत लिहिलेले एकूण लिटर आणि संगणकात भरलेले एकूण लिटर जुळतात की नाही. त्यासाठी तो एखाद्या मोकळ्या सेलमध्ये सूत्र लिहितो, बेरीज पाहतो आणि सूत्र पुसून टाकतो. ते पुसायचे राहिले, तर पुढच्या बिलात तोच सेल कुठल्यातरी बेरजेत मिसळतो. खरे तर हे सूत्र लिहिण्याची गरजच नसते, कारण एक्सेलच्या खिडकीच्या अगदी तळाशी जी अरुंद पट्टी असते, जिला स्टेटस बार म्हणतात, तिथे निवडलेल्या सेलची बेरीज, सरासरी आणि मोजणी आपोआप उमटत असते.

या निवेदनासाठी आपण एका उत्पादकाचा नमुन्याचा तक्ता तयार केला आहे. दहा दिवस, रोज सकाळ आणि संध्याकाळ, म्हणजे वीस नोंदी. पहिल्या ओळीत शीर्षके आहेत, दुसऱ्या ओळीपासून एकविसाव्या ओळीपर्यंत नोंदी आहेत, त्यानंतर एक ओळ मोकळी सोडून तेविसाव्या ओळीत बेरजेचे सूत्र आहे. C या कॉलममध्ये लिटर आहेत आणि D मध्ये फॅट. वहीतली बेरीज ११५ लिटर आहे.

[दृश्य: माउस C2 वर. खाली ओढत C21 पर्यंत.]

C2 वर क्लिक करून, शिफ्ट दाबून C21 वर क्लिक केले, की वीस सेल निवडले जातात आणि तळाच्या पट्टीत उजव्या बाजूला हे आकडे दिसतात:

```
Average: 5.7   Count: 20   Sum: 103.0
```

एकच सेल निवडला असता तर यातले काहीच दिसले नसते. दोन किंवा अधिक भरलेले सेल निवडल्यावरच ही पट्टी बोलू लागते. आपल्या तक्त्यात ती बोलते आहे, पण १०३ आणि ११५ यांत बारा लिटरचा फरक आहे.

इथे बहुतेक जण वही पुन्हा तपासायला घेतात. त्याआधी पट्टीतले तीन आकडे एकमेकांशी ताडून पाहावेत, कारण ती दोनच क्षणांची गोष्ट आहे. सरासरी म्हणजे बेरीज भागिले संख्या, हे शाळेत शिकलेले गणित इथेही लागू असायला हवे. ५.७ गुणिले २० म्हणजे ११४. पट्टी मात्र १०३ सांगते. सरासरी एका दशांशापर्यंतच दिसते, कारण पट्टी आकडे दाखवताना सेलला दिलेल्या स्वरूपाचाच आधार घेते. पण पुढचे दशांश न दिसल्यामुळे पडणारा फरक फार तर एका लिटरचा असेल, अकरा लिटरचा नसेल. म्हणजे बेरजेला वीस नव्हे, दुसऱ्याच एखाद्या संख्येने भागले गेले आहे. १०३ ला ५.७ ने भागून पाहिले, की उत्तर अठराच्या आसपास येते.

हे अठरा कुठून आले, हे पट्टीच सांगू शकते, फक्त तिला तसे सांगावे लागते. पट्टीवर उजवे क्लिक केले की एक लांब यादी उघडते. त्या यादीत Average, Count आणि Sum यांच्यापुढे खूण असतेच. Numerical Count, Minimum आणि Maximum यांच्यापुढे ती नसते. Numerical Count वर क्लिक करून खूण केली, की पट्टीत आणखी एक आकडा येतो: १८.

[दृश्य: पट्टीवर Numerical Count: 18. कॅमेरा जवळ.]

Count आणि Numerical Count यांतला फरक या पट्टीत सगळ्यांत उपयोगाचा आहे, आणि तोच सुरुवातीला झाकलेला असतो, हे मला नेहमीच उलटे वाटत आले आहे. Count हा रिकामे नसलेले सगळे सेल मोजतो, मग त्यांत आकडा असो, नाव असो किंवा नुसती आडवी रेघ असो. Numerical Count फक्त तेच सेल मोजतो, ज्यांतला मजकूर एक्सेलच्या लेखी खरोखरच आकडा आहे. बेरीज आणि सरासरी याच अठरा सेलवरून काढलेली आहे. उरलेले दोन सेल डोळ्यांना आकडे दिसतात, पण एक्सेल त्यांना अक्षरे समजतो.

आता ते दोन सेल शोधायचे. सेलला मधोमध मांडणी दिलेली नसेल, तर आकडे उजव्या कडेला आणि अक्षरे डाव्या कडेला टेकतात, त्यामुळे नजर फिरवली तरी पुरते. आपल्या तक्त्यात मात्र दिसायला नीटनेटके म्हणून सगळा कॉलम मधोमध ठेवला आहे, आणि त्यामुळे ही खूण पुसली गेली आहे. कॉलम निवडून मधोमध मांडणी काढून टाकली, की C8 आणि C19 हे दोन सेल डावीकडे सरकतात.

C8 मध्ये चार तारखेच्या सकाळचे 6.5 आहे. त्याच्या कोपऱ्यात बारीक हिरवा त्रिकोण आहे. त्या सेलला आधीच मजकुराचे स्वरूप दिलेले होते, म्हणून त्यात टाइप केलेला आकडा अक्षरांसारखाच साठवला गेला. सेल निवडल्यावर शेजारी येणाऱ्या उद्गारचिन्हावर क्लिक करून Convert to Number निवडले, की तो आकडा होतो. C19 मध्ये नऊ तारखेच्या संध्याकाळची नोंद आहे, पण तिथे हिरवा त्रिकोण नाही. जवळून पाहिल्यावर कळते, की 5.5 ऐवजी 5..5 असे टाइप झाले आहे. घाईत टिंबाची कळ दोनदा दाबली गेली. हे कुठल्याच भाषेत आकडा म्हणून वाचता येणार नाही, म्हणून तिथे रूपांतराचा पर्याय येत नाही; सेल पुन्हा भरावा लागतो. साडेसहा आणि साडेपाच मिळून बारा लिटर. वीस सेल पुन्हा निवडल्यावर पट्टीत दोन्ही मोजण्या २० होतात आणि बेरीज ११५ येते.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवायला हवी. तेविसाव्या ओळीत जे बेरजेचे सूत्र होते,

```
=SUM(C2:C21)
```

तेही मघापासून १०३ च दाखवत होते. सूत्रही अक्षरांना तितक्याच निमूटपणे वगळते. फरक एवढाच, की सूत्राच्या सेलमध्ये एकटा आकडा असतो, तर पट्टीत त्याच्या शेजारी त्याला खोटे ठरवू शकणारे आणखी दोन-तीन आकडे असतात.

[दृश्य: शीर्षकाच्या ओळीतला फिल्टरचा बाण. यादीत फक्त «संध्याकाळ» निवडले जाते.]

आता संध्याकाळचे दूध किती, हा प्रश्न. फिल्टर लावून फक्त संध्याकाळच्या ओळी ठेवल्या, की पट्टीच्या डाव्या बाजूला वीसपैकी दहा नोंदी सापडल्याचा मजकूर येतो. दिसणाऱ्या नोंदींमधले लिटर निवडले, की उजवीकडे Count: 10 आणि Sum: 52.0 असे दिसते. फिल्टरने झाकलेल्या ओळी निवडीच्या मधोमध असल्या तरी पट्टी त्या धरत नाही. त्याच वेळी बेरजेचे सूत्र ११५ वरच थांबलेले असते, कारण त्याच्या दृष्टीने झाकलेली ओळही ओळच असते. पट्टी आणि सूत्र यांचे आकडे वेगळे दिसले, तर चूक शोधण्याआधी फिल्टर लागला आहे का, हे पाहावे.

पूर्ण कॉलम निवडण्याची सवय असेल, तर आणखी एक गडबड होते. C या अक्षरावर क्लिक केले, की फिल्टर नसताना पट्टीत बेरीज २३० येते, म्हणजे नेमकी दुप्पट, कारण वीस नोंदींबरोबर त्यांची तयार बेरीजही निवडीत आली. मोजणी २२ येते: वीस नोंदी, एक बेरीज आणि वर «लिटर» हे शीर्षक. सरासरी ११५ आणि बाकीच्या छोट्या आकड्यांची मिळून निघते, आणि ती १०.९५ च्या आसपास जाते. एका वेळी सात लिटरच्या वर कधीच दूध न घालणाऱ्या उत्पादकाची सरासरी जवळजवळ अकरा दिसली, की निवड चुकली हे ओळखता येते.

रिकामा सेल आणि शून्य यांचेही तसेच. एखाद्या उत्पादकाने एका संध्याकाळी दूध घातलेच नाही. बाकीच्या एकोणीस वेळांचे मिळून ९५ लिटर झाले. तो सेल रिकामा ठेवला तर सरासरी ५ लिटर येते, शून्य लिहिले तर ४.७५. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. पहिले दूध घातलेल्या वेळांचे आहे, दुसरे दहा दिवसांतल्या सगळ्या वेळांचे. कुठला प्रश्न विचारायचा आहे, हे भरणाऱ्यानेच ठरवून ठेवायचे असते.

[दृश्य: D कॉलम. फॅट तपासण्याचे यंत्र. परत पडदा.]

सगळ्यांत फसवी जागा मात्र फॅटची आहे. नमुन्यात सकाळच्या प्रत्येक नोंदीत फॅट ३.८ आणि संध्याकाळच्या प्रत्येक नोंदीत ४.४ धरले आहे. संध्याकाळची धार सकाळनंतर कमी तासांनी निघते, म्हणून दूध कमी आणि फॅट जास्त, हे गोठ्यातल्या माणसाला सांगायला नको. D2 ते D21 निवडल्यावर पट्टी सरासरी ४.१ दाखवते. दहा वेळा ३.८ आणि दहा वेळा ४.४, यांची ती मधली संख्या आहे. पण सकाळचे दूध ६३ लिटर आहे आणि संध्याकाळचे ५२. सगळे दूध एका कॅनमध्ये ओतले, तर त्यातले फॅट ४.१ नव्हे, ४.०७ भरेल. पट्टीची सरासरी प्रत्येक सेलला सारखेच वजन देते. शेजारच्या कॉलममध्ये किती लिटर आहेत, हे तिला ठाऊक नसते. दराचा प्रश्न असेल तिथे हा फरक सोडून चालत नाही, आणि तिथे सूत्र लिहावेच लागते:

```
=SUMPRODUCT(C2:C21,D2:D21)/SUM(C2:C21)
```

गुगल शीट्समध्ये हीच सोय उजव्या तळाशी एका आकड्याच्या रूपात दिसते आणि त्यावर क्लिक केल्यावर बाकीचे आकडे उघडतात. लिबरऑफिस कॅल्कमध्ये तळाच्या पट्टीवर उजवे क्लिक करून काय दाखवायचे ते निवडता येते.

एक्सेलच्या पट्टीतला आकडा फाइलमध्ये साठवला जात नाही, कागदावर छापलाही जात नाही. निवड बदलली की तो जातो. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या अलीकडच्या आवृत्तीत मात्र पट्टीतल्या आकड्यावर क्लिक केले, की तो क्लिपबोर्डवर उतरतो आणि हव्या त्या सेलमध्ये पेस्ट करता येतो.

[दृश्य: Sum: 115.0 वर क्लिक. बिलाच्या सेलमध्ये पेस्ट.]

पेस्ट होतो तो नुसता आकडा, त्यामागे सूत्र नसते. संध्याकाळी उत्पादक येऊन सांगतो, की तीन तारखेला सकाळी सहा नव्हे, साडेसहा लिटर होते. लेखनिक वही पाहून तो सेल सुधारतो, आणि वीस सेल पुन्हा निवडल्यावर पट्टीत ११५.५ येते. बिलातल्या सेलमध्ये ११५ तसेच असते, आणि ते हाताने बदलावे लागते.