प्लेटच्या काठावरचा तर्रीचा थेंब

हा फोटो मिसळीचा आहे. पांढरी सिरॅमिकची खोलगट प्लेट, खाली लाकडी टेबल, डावीकडून खिडकीचा उजेड, आणि कॅमेरा साधारण 45 अंशात वरून बघतोय. फरसाण अजून कुरकुरीत दिसतंय, तर्री चमकतेय, कांदा-कोथिंबीर ताजी आहे. आता उजवीकडे खाली बघा. काठावर तर्रीचा एक थेंब पडलाय आणि तो काठ ओलांडून टेबलाकडे ओघळलाय. शेजारी पावाचा थोडा चुरा पण आहे.

शूटच्या वेळी पुसायला हवा होता हे खरंच आहे, आणि इअरबड गरम पाण्यात बुडवून पुसतातच, पण मिसळीला वेळ फार कमी मिळतो, कट ओतला की फरसाण लगेच मऊ पडायला लागतं, आणि तर्री म्हणजे तेल, घाईत पुसली तर पांढऱ्या काठावर पिवळट फराटा उरतो जो थेंबापेक्षा वाईट दिसतो. म्हणून सगळ्यात छान फ्रेम नेमकी थेंबासकट मिळते आणि मग काम फोटोशॉपमध्ये येतं.

पहिल्यांदा सगळे काय करतात, तर स्पॉट हीलिंग ब्रश घेतात आणि थेंबावर फिरवतात. स्क्रीनवर बघा काय झालं. थेंब गेला, पण काठावर तपकिरी धुरकट डाग आला आणि काठाची रेषा तिथे थोडी आत दबली. याचं कारण असं की हीलिंग ब्रश आजूबाजूचा रंग आणि उजेड बघून भरलेला भाग त्यात मिसळतो, आणि इथे आजूबाजूला एका बाजूला पांढरी प्लेट आहे, दुसऱ्या बाजूला काळपट लाकूड, त्यामुळे तो दोन्ही कालवून टाकतो. प्लेटच्या सपाट भागावर हाच ब्रश मस्त चालतो, काठावर आला की फसतो. आणि काठ जरासा जरी वाकडा झाला तरी बघणाऱ्याला खटकतं, कारण गोल प्लेटची कड कशी वळते हे आपल्या डोळ्याला चांगलं ठाऊक असतं.

म्हणून इथे डाग पुसायच्या भानगडीत पडायचं नाही, तेवढा काठ नव्याने बांधायचा. आणि सुरुवात टेबलापासून करायची, प्लेटपासून नाही.

वर एक नवीन रिकामी लेयर घेतली, क्लोन स्टँप घेतला, वरच्या पट्टीत सॅम्पल `Current & Below` वर ठेवलं, म्हणजे मूळ फोटोला धक्का लागत नाही. आता ओघळाच्या शेजारचं स्वच्छ लाकूड उचलून ओघळावर टाकायचं, आणि बिनधास्त काठाच्या आतपर्यंत टाकायचं, प्लेटवर थोडं लाकूड चढलं तरी चालेल. फक्त एक बघा, प्लेटच्या लगत टेबलावर एक अरुंद गडद सावली आहे, ती तशीच पुढे चालली पाहिजे, म्हणून सॅम्पल घेताना काठापासून तेवढ्याच अंतरावरून घ्यायचं. ही सावली तुटली तर प्लेट तिथे हवेत उचलल्यासारखी दिसते.

आता पेन टूल. थेंबाच्या अलीकडे जिथे काठ स्वच्छ आहे तिथे एक पॉइंट आणि पलीकडे स्वच्छ काठावर दुसरा, आणि दोन्हीचे हँडल काठ ज्या दिशेने चाललाय त्याच दिशेने ओढायचे. एवढ्याशा तुकड्याला दोनच पॉइंट पुरतात, मध्ये जास्त पॉइंट टाकले की प्रत्येक ठिकाणी बारीक टेंगूळ येतं. वक्र बरोबर बसलाय का हे कसं कळतं, तर पाथ दोन्ही टोकांना थोडा लांब न्यायचा, खऱ्या काठावर तो अगदी चपखल बसला तर मधला झाकलेला भागही बरोबर असणार. मग प्लेटच्या आतून फिरवून पाथ बंद केला आणि `Ctrl+Enter` दाबून सिलेक्शन केलं.

इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त कामं इथेच बिघडतात. या फोटोत 200 टक्क्यांवर झूम केलं तर पांढऱ्यातून लाकडात जायला काठाला दोन-तीन पिक्सेल लागतात, म्हणजे कड थोडी मऊ आहे. सिलेक्शन एकदम धारदार ठेवलं तर तेवढाच तुकडा कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसेल. म्हणून अर्धा ते एक पिक्सेल फेदर द्यायचा आणि शेजारच्या खऱ्या काठाशी ताडून बघायचं. मागचा काठ फोकसच्या बाहेर असेल तर तिथे फेदर बराच जास्त लागतो. आणि टेबल आधी का केलं ते पण आत्ता कळेल. समजा याच मऊ सिलेक्शनमध्ये प्लेट भरली आणि मग सिलेक्शन उलटं करून टेबल भरलं, तर कडेवर दोन्ही बाजू अर्ध्या-अर्ध्याच भरल्या जातात आणि मधून मूळ थेंबाची पुसट लाल रेघ डोकावते. खाली आधीच लाकूड असलं की लाल डोकवायला जागाच राहत नाही.

आता आणखी एक रिकामी लेयर, सिलेक्शन चालू, आणि प्लेटचा काठ क्लोन करायचा. सॅम्पल जवळचंच घ्यायचं, कारण खिडकी डावीकडे आहे, उजवा काठ थोडा करडा आहे, डाव्या बाजूचा पांढरा इथे आणला तर ठिगळ दिसेल. काठाच्या माथ्यावर उजेडाची बारीक रेघ आहे, ती रेघ रेघेला जुळवूनच पहिला स्ट्रोक मारायचा. काठ वळतो म्हणून सरळ क्लोन केलं की रेघ थोड्या वेळाने सुटते, अशा वेळी क्लोन सोर्स पॅनेलमध्ये सोर्सला दोन-चार अंश फिरवायचं म्हणजे ती वळणाबरोबर जाते.

थेंब गेला, पण तेलाचा पिवळा पसारा थेंबापेक्षा मोठा असतो, त्याची झाक अजून आहे. त्याला नवीन लेयर, ब्लेंड मोड कलर, शेजारच्या स्वच्छ काठावरून रंग उचलायचा आणि मऊ ब्रशने हलक्या हाताने फिरवायचं. शुद्ध पांढरा वापरू नका, प्लेट कुठेच शुद्ध पांढरी नसते. आणि आतल्या उतारावर मिसळीचं जे लालसर प्रतिबिंब पडलंय ते ठेवा, ते खरं आहे, ते काढलं तर मिसळ वरून चिकटवल्यासारखी वाटते.

चुऱ्याचं काम सोपं आहे. सपाट काठावरचे कण हीलिंगने जातात, फक्त प्रत्येक कणाच्या उजवीकडे त्याची इवलीशी सावली असते, ती पण घ्यायची. टेबलावर पावाजवळ पडलेला चुरा मी ठेवते, पाव तोडला की तो पडणारच.

शेवटी तपासणी. सगळ्यात वर एक कर्व्ह्ज लेयर टाकून कॉन्ट्रास्ट खूप वाढवायचा. पांढऱ्यातले जे फरक एरवी दिसत नाहीत ते लगेच उघडे पडतात, हे बघा, इथे एक फिकट गोल डाग राहिलाय. तो नीट केला. मग 100 टक्क्यांवर बघायचं की भरलेला भाग शेजारपेक्षा गुळगुळीत तर नाही ना, कारण मऊ ब्रशने फोटोतले दाणे पुसले जातात, तसं वाटलं तर तेवढ्या भागावर थोडा नॉइज द्यायचा. मग ही कर्व्ह्ज लेयर काढून टाकायची, ती विसरून चालू राहिली आणि फाइल तशीच गेली तर सगळी मिसळच करपलेली दिसेल.