दोन वाचने, एक प्रश्न

[दृश्य: विटा, सांगली जिल्हा. ठेकेदाराच्या कार्यालयातील टेबल. उघडी निविदा, कडेला पेन्सिलीच्या खुणा.]

ही निविदा नमुन्यादाखल घेतली आहे, पण अशी कागदपत्रे खानापूर, जत, माण या टंचाईच्या तालुक्यांत पाणीपुरवठ्याची कामे घेणाऱ्या प्रत्येकाच्या हातातून गेलेली असतात. काम एका गावाच्या नळपाणी योजनेचे आहे: नदीकाठच्या विहिरीतून पाणी उपसायचे आणि ४,२०० मीटर लांबीच्या ऊर्ध्ववाहिनीने टेकडीवरच्या जलकुंभात पोहोचवायचे. निविदापूर्व बैठकीला चार दिवस उरले आहेत आणि शंकापत्र उद्या संध्याकाळपर्यंत पाठवायचे आहे.

वडील तीस वर्षे ठेकेदारी करत आहेत आणि मुलगी स्थापत्य अभियंता आहे. दर भरण्याआधी ती संपूर्ण दस्तऐवज वाचते. दर भरायच्या यादीत, म्हणजे अनुसूची ब मध्ये, पृष्ठ ६३ वर तिची पेन्सिल थांबली.

[दृश्य: दोन पाने शेजारी शेजारी.]

"अण्णा, इथे पाइप पीएन ६ लिहिलाय आणि तांत्रिक तपशिलात पीएन १०," ती म्हणाली.

पीएन म्हणजे पाइपने किती दाब सोसावा, त्याचा वर्ग; पुढचा आकडा म्हणजे ढोबळमानाने चौरस सेंटिमीटरला तितके किलो. विहिरीतील पाण्याची पातळी आणि जलकुंभाची पूर्ण पातळी यांत ६४ मीटरचे अंतर आहे, आणि पाइपातील घर्षणाचे साधारण ९ मीटर त्यात मिळवले की पंपाला ७३ मीटर उंचीइतका, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वासात किलोचा दाब द्यावा लागतो. वीज गेल्यावर पंप अचानक थांबला की उसळणारा दाब याहून वेगळा. पीएन ६ चा पाइप इथे चालणार नाही, हे उघड आहे. पण दर कोणत्या पाइपचा भरायचा, हे या उत्तराने ठरत नाही. ११० मिलिमीटर व्यासाच्या, पीई १०० या प्लास्टिकच्या पाइपची भिंत पीएन ६ मध्ये सुमारे सव्वाचार मिलिमीटर जाड असते, तर पीएन १० मध्ये साडेसहा. एवढ्या लांबीत जवळपास पावणेतीन टन जादा प्लास्टिक लागते. पीएन ६ चा दर भरणारा निविदा जिंकेल आणि पुढे पीएन १० टाकताना तोट्यात जाईल. पीएन १० चा दर भरणारा कदाचित जिंकणारच नाही.

मग निविदेतच एक ओळ टाकावी की आम्ही पीएन ६ गृहीत धरला आहे, असे वाटू शकते. तसे केले तर ती सशर्त निविदा ठरते आणि फेटाळली जाऊ शकते. म्हणून विचारायची वेळ हीच.

वडिलांनी सांगितलेला पहिला मसुदा असा होता: "पाइपच्या वर्गाबाबत खुलासा व्हावा." मुलीने तो पाठवला नाही, आणि माझ्या मते ते योग्यच झाले, कारण अशा प्रश्नाला "निविदेतील अटींप्रमाणे" एवढे उत्तर पुरते, आणि ज्या अटींत विसंगती आहे त्यांच्याकडेच ते पुन्हा बोट दाखवते. तिने असे लिहिले:

"शंका क्र. १. अनुसूची ब, बाब क्र. ११, पृष्ठ ६३: 'पीई १००, पीएन ६ वर्गाचा ११० मिमी पाइप पुरवून टाकणे.' कलम ७.४, पृष्ठ ४१: 'ऊर्ध्ववाहिनीचा पाइप पीएन १० वर्गाचा असावा.' दोन्ही तरतुदी परस्परविरोधी आहेत. दर पीएन ६ साठी भरावा की पीएन १० साठी, ते कळवावे. पीएन १० अभिप्रेत असल्यास बाब क्र. ११ चे वर्णन आणि अंदाजित दर शुद्धिपत्रकाने सुधारावेत."

अवतरणातला मजकूर अक्षरशः उतरवलेला आहे, कारण उत्तर तयार करणारा अधिकारी आणि निविदा लिहिणारा अधिकारी एकच असेल असे नाही, आणि स्वतःच्या शब्दांत मांडलेल्या कलमावर मिळालेले उत्तर पुढे वादात टिकत नाही.

"शंका क्र. २. कलम ९.६, पृष्ठ ४७: 'रस्ता पूर्ववत करून देण्याची जबाबदारी ठेकेदाराची राहील.' रस्ता खोदण्याच्या परवानगीपोटी रस्त्याच्या मालक यंत्रणेकडे भरावयाचे शुल्क ठेकेदाराने आपल्या दरात धरावे, की ते कार्यालय भरेल?"

तिसरी शंका वडिलांच्या आग्रहाने गेली: मुदत कमी आहे, विचार व्हावा. तिला कलम क्रमांक नव्हता.

[दृश्य: बैठकीची खोली, नंतर संगणकाचा पडदा.]

बैठकीत अधिकाऱ्यांनी पाइप पीएन १० चाच असल्याचे तोंडी सांगितले. मुलीने ते टिपून घेतले, पण दर बदलला नाही. बैठकीतील बोलणे करारात येत नाही, संकेतस्थळावर चढवलेले लेखी उत्तर येते, आणि तेही सर्व निविदाकारांना सारखे. सहाव्या दिवशी ते आले. बाब क्र. ११ पीएन १० अशी सुधारली होती. परवानगीचे शुल्क ठेकेदाराच्या माथी आले. उत्तर सोयीचे नव्हते, पण रक्कम दरात धरता आली. तिसऱ्या शंकेपुढे "निविदेतील अटींप्रमाणे" असे होते.

त्या रात्री तिने नवा दर काढला, उत्तरांच्या प्रत्येक पानावर वडिलांची सही घेतली आणि ती पाने तांत्रिक लिफाफ्यात जोडली.