वीस टक्के अ‍ॅट्रिशन: व्यवस्थापनाला नेमकं काय सांगायचं?

नमस्कार मंडळी. एचआरमध्ये असाल तर वर्षातून एकदा तरी हे काम अंगावर येतंच: "लोक का सोडून जातायत, ते डायरेक्टर मंडळींना दोन पानांत लिहून द्या." आज एक उदाहरण घेऊन ही दोन पानं लिहू. आकडे मी हिशेबाला सोपे पडावेत म्हणून घेतलेत, खऱ्या कंपनीचे नाहीत.

समजा, वर्षभरातली सरासरी माणसं ६००. बारा महिन्यांच्या हेडकाउंटची सरासरी घ्यायची बरं का, फक्त ३१ मार्चचा आकडा नको. स्वतःहून राजीनामा दिलेले १२०. म्हणजे २० टक्के. कंपनीने काढलेले, निवृत्त झालेले आणि एका विभागातून दुसऱ्यात गेलेले यात धरलेले नाहीत, आणि हे अहवालात पहिल्याच ओळीत लिहायचं. नाहीतर मीटिंगची पहिली वीस मिनिटं त्यावरच जातात.

आता हेच लोक नोकरीच्या काळानुसार वेगळे करू.

[स्क्रीनवर: एक वर्षाच्या आत – १२० पैकी ६०, ५० टक्के. एक ते तीन वर्षं – १८० पैकी ३६, २० टक्के. तीन वर्षांच्या वर – ३०० पैकी २४, ८ टक्के.]

सोडून गेलेल्यांतले निम्मे लोक वर्ष पूर्ण व्हायच्या आतच गेले. आता विभाग बघा. कस्टमर सपोर्टमध्ये १०० माणसं, गेली ३२. डिझाइनमध्ये ८० माणसं, गेली १८, म्हणजे साडेबावीस टक्के. टेस्टिंग लॅबमध्ये आठ माणसं, गेली तीन, म्हणजे साडेसदतीस टक्के!

लॅबचा आकडा तक्त्यात सर्वांत वर येतो आणि सगळ्यांची नजर तिथेच जाते. पण आठ जणांत एक माणूस इकडेतिकडे झाला की दर साडेबारा टक्क्यांनी हलतो. तिथे टक्केवारी देऊच नका, "आठपैकी तीन" असं लिहा.

मग बोट जातं सपोर्टच्या मॅनेजरकडे. थांबा जरा. सपोर्टमधल्या १०० पैकी ५० जण वर्षाच्या आतले, ३० जण एक ते तीन वर्षांचे आणि २० जुने. यांना कंपनीचेच सरासरी दर लावले तर २५ अधिक ६ अधिक १.६, म्हणजे साधारण ३३ जण जायला हवे होते. गेले ३२. म्हणजे या विभागात वेगळं काही घडलेलं दिसत नाही. तिथे नवी माणसं जास्त आहेत, आणि नवी माणसं सगळीकडेच जास्त जातायत. खरा प्रश्न पहिल्या वर्षाचा आहे, भरतीच्या वेळी काय सांगितलं आणि कामावर काय मिळालं याचा. त्यासाठी मॅनेजरला धारेवर धरण्यात अर्थ नाही.

आता हीच रीत डिझाइनला लावा. तिथे पाच जण नवे, १५ मधले आणि ६० जुने. हिशेबाने दहाच्या आसपास जायला हवेत, गेले १८. दर कंपनीच्या सरासरीजवळ असल्यामुळे याकडे कुणी बघितलंच नसतं. त्या १८ पैकी १४ जण तीन वर्षांवरचे. ६० पैकी १४, म्हणजे २३ टक्के. बाकी कंपनीत असे २४० जुने लोक आहेत आणि त्यांतले दहाच गेले, चार टक्के. मला विचाराल तर अहवालाचं अर्धं पान इथेच खर्च करावं.

कारणं लिहिताना मात्र हात जरा आखडता घ्यायचा. समजा, १४ पैकी नऊ जण एप्रिल ते जूनमध्ये गेले. लगेच "कमी इन्क्रिमेंटमुळे गेले" असं लिहावंसं वाटतं. पण आधीच ठरवून ठेवलेले लोकही बोनस हातात पडेपर्यंत थांबतात, म्हणून तारखेवरून कारण ठरत नाही. एक्झिट इंटरव्ह्यूत "चांगली संधी मिळाली" हे उत्तर तर जवळपास ठरलेलंच असतं. रिलीव्हिंग लेटर हातात यायचंय, कोण वाईटपणा घेईल? आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे आपण गेलेल्यांनाच विचारतो. राहिलेल्या ४६ जणांचा पगार आणि पगारवाढही तितकीच होती का, हे पाहिल्याशिवाय पगाराला दोष देता येत नाही.

म्हणून मी असं लिहीन: "डिझाइन विभागात तीन वर्षांवरील कर्मचाऱ्यांचे राजीनामे इतर विभागांपेक्षा बरेच जास्त आहेत. राजीनाम्यांचा काळ पगारवाढीबद्दलच्या नाराजीशी जुळतो, परंतु उपलब्ध माहितीवरून ते कारण सिद्ध होत नाही. प्रमुख बदलणे, बढती अडकणे या शक्यता अद्याप तपासलेल्या नाहीत. गेलेल्या १४ आणि राहिलेल्या ४६ जणांची दोन वर्षांची पगारवाढ व बढती यांची तुलना पुढील बैठकीत मांडू." ही तुलना एक्सेलमध्ये कशी करायची, ते पुढच्या व्हिडिओत.