मोच्याची मागणी, रंगाऱ्याचं कापड

श्रोतेहो, नमस्कार. आठव्या शतकातल्या कुफा शहरात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, एक गिऱ्हाईक मोच्याकडे जातं. पायाचं माप देतं, कातडं निवडतं, किंमत ठरवतं. जोडा मात्र अजून तयार व्हायचाय. इस्लामी कायद्याचा नियम असा, की जवळ नसलेली वस्तू विकू नये. या नियमावरून कियास, म्हणजे सादृश्याने अनुमान केलं, तर हा सौदा रद्द ठरतो.

इमाम अबू हनीफांच्या परंपरेतल्या, म्हणजे हनफी, फकिहांनी, अर्थात कायदेपंडितांनी, तो वैध ठरवला. लोक पूर्वापार असे व्यवहार करत आलेत आणि त्याला कुणी हरकत घेतलेली नाही, हा त्यांचा आधार. कियासाचा सरळ रस्ता सोडून अधिक बळकट आधाराकडे वळणं, हेच इस्तिहसान.

दुसऱ्या एका परंपरेचे प्रवर्तक इमाम शाफई यांना हे अजिबात मान्य नव्हतं. ज्यानं इस्तिहसान केलं त्यानं स्वतःच शरियत रचली, असं वचन त्यांच्या नावावर सांगतात. शाफई मतानुसार असा सौदा करायचा तर सगळी किंमत आगाऊ मोजावी लागते. आपल्या कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफईच आहेत, देशावरचे हनफी.

शाफईंच्या आक्षेपात तथ्य आहे, पण हनफींचं इस्तिहसान म्हणजे मनाची लहर नव्हे. वाघानं तोंड लावलेलं पाणी अशुद्ध, मग ससाण्यानं प्यायलेलं? तोही शिकारीच. हनफी म्हणतात, वाघ जिभेनं पितो, त्याची लाळ पाण्यात उतरते. ससाणा कोरड्या हाडाच्या चोचीनं पितो. म्हणून ते पाणी अशुद्ध नाही, फार तर टाळावं. इथे वरवरच्या साम्यापेक्षा खरं कारण पाहिलंय.

आता रंगाऱ्याकडे येऊ. त्याच्याकडे रंगवायला दिलेलं कापड हरवलं. कापड ही त्याच्याकडची अमानत, त्यामुळे त्याचा हलगर्जीपणा सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही. पण बंद दुकानात काय घडलं, हे गिऱ्हाईक सिद्ध कसं करणार? म्हणून कारागिरांना जबाबदार धरण्यात आलं. याशिवाय लोकांचं निभणार नाही, असं हजरत अलींनी म्हटल्याचं सांगतात. या प्रश्नावर मजकुरात, म्हणजे कुराणात आणि हदीसमध्ये, पैगंबरांच्या वचनांत, नेमका आदेश नव्हता, आणि लोकांचं हित उघड दिसत होतं. याला म्हणतात मसलहा मुरसला. इमाम मालिकांच्या परंपरेनं हे तत्त्व विशेष जोपासलं.

धोका इथेच आहे, कारण हित कुणी ठरवायचं? अंदलुसच्या, म्हणजे मुस्लिम स्पेनच्या, अमीरानं रमजानमध्ये रोजा मोडला, ती गोष्ट प्रसिद्ध आहे. हदीसमध्ये प्रायश्चित्ताचा पहिला पर्याय गुलाम मुक्त करण्याचा. फकीह याह्यांनी मात्र त्याला सलग दोन महिने रोजे ठेवायला सांगितले, कारण इतक्या श्रीमंताला गुलाम सोडणं काहीच जड नव्हतं. इमाम गझालींनी हा फतवा नाकारला. मजकूर बोलतो तिथे हिताचा हिशोब वेगळा मांडायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. मला गझालींचं पटतं. रंगाऱ्याच्या बाबतीत मजकूर गप्प होता, अमीराच्या बाबतीत नव्हता.