चेक परत आला म्हणजे कुठनं आला?

श्रोतेहो, नमस्कार.

मी सांगलीत एका खत-औषधांच्या दुकानात एकतीस वर्षं दिवाणजी होतो. म्हणजे खतावणी, उधारी, वसुली आणि पत्रव्यवहार. आज बोलायचंय ते त्यातल्या एकाच पत्राबद्दल. गिऱ्हाइकाचा चेक वटला नाही, तर त्याला जे पत्र जातं ते. मी अशी पुष्कळ पत्रं लिहिली, आणि पहिली काही वर्षं चुकीची लिहिली. चुकीची म्हणजे कशी, ते एका बापूंच्या गोष्टीवरून सांगतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तासगाव तालुक्यातले द्राक्ष बागायतदार, आमचं जुनं गिऱ्हाईक. ऑक्टोबर छाटणीपासून फवारणीची औषधं उधारीवर न्यायची, माल गेला की मार्चमध्ये हिशेब चुकता करायचा. त्या साली त्यांनी 38,640 रुपयांचा चेक दिला. मी भरला. चार दिवसांनी बँकेचा शिपाई चेक आणि त्याला टाचलेली चिठ्ठी, म्हणजे बँकेचा मेमो, घेऊन आला. चिठ्ठीवर छापलेल्या कारणांपैकी एकापुढे बरोबरची खूण. मी खूण बघितली, कारण वाचलंच नाही. चेक परत आला म्हणजे खात्यात पैसे नाहीत, एवढंच मला ठाऊक.

लगेच कार्ड लिहिलं. त्या कार्डाची नक्कल मी पुढं कैक वर्षं गल्ल्यात जपून ठेवली होती, म्हणून शब्द तोंडपाठ आहेत. ऐका. "आपला चेक परत आला आहे. तरी तातडीने योग्य ती पूर्तता करावी, अन्यथा पुढील कारवाई करणे भाग पडेल, कळावे." खाली दुकानाचा शिक्का. लिहून झाल्यावर मला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं. कसं वजनदार झालंय!

तिसऱ्या दिवशी दुकान उघडायला आणि बापू पायरीवर यायला एकच गाठ. डोक्याला फेटा, हातात कापडी पिशवी. आत आले, गादीवर टेकले, पिशवीतून एकेक कागद काढून माझ्यापुढं मांडायला लागले. सातबारा. रेशनकार्डाची झेरॉक्स. सोसायटीचा दाखला. आणि नवे काढलेले दोन फोटो.

मी म्हटलं, "बापू, हे काय?"

"पूर्तता," बापू म्हणाले. "तुमीच लिवलंय न्हवं, पूर्तता करा म्हणून? आन काय लागत आसंल तर आत्ताच सांगा, दुसरी खेप नगं."

मी हसू दाबलं. म्हटलं, "अहो, तुमचा चेक परत आलाय."

तर ते म्हणतात, "त्येच इचारायला आलोय. दिवाणजी, चेक परत आला म्हंजी कुठनं आला? मी तर तुमास्नीच दिल्ता. तुमच्याकडंच आला न्हवं? मग बरंच झालं की!"

श्रोतेहो, त्यांचं काही चुकलं नव्हतं. चेक दुकानातून बँकेत गेला, तिथून त्यांच्या बँकेत गेला, तिथं तो वटला नाही आणि उलट पावली आमच्याकडे आला, ही सगळी वारी माझ्या डोक्यात होती. कार्डावर त्यातलं काही नव्हतं. आणि 'पूर्तता' हा शब्द त्यांनी आयुष्यात फक्त कर्जाच्या अर्जावर ऐकलेला. तिथं पूर्तता म्हणजे कागदपत्रंच.

हे झालं हसण्यावारी. पुढचं हसण्यासारखं नाही. कार्ड उघडं. ते गावात गेलं, बापू रानात, म्हणून पोस्टमननं किराणा दुकानात ठेवलं. दुकानात बसलेल्या चौघांनी वाचलं. 'पूर्तता' कुणाला कळलं नाही, 'कारवाई' मात्र सगळ्यांना कळलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की बापूंवर सांगलीत केस होणार. बापूंच्या लेकीची बोलणी चालली होती, त्या पाहुण्यांच्या कानावरही गेलं.

जाता जाता सांगतो, कार्यवाही वेगळी आणि कारवाई वेगळी. कार्यवाही म्हणजे काम पुढं नेणं, कारवाई म्हणजे बडगा. सरकारी कागदांनी दोन्हींची खिचडी केलीय, आणि आपण तीच खिचडी घरच्या पत्रात वाढतो. असो.

बापू म्हणाले, "पण पैसं तर हायती खात्यावर." आणि पासबुक काढलं. खरंच होते! द्राक्षाचे पैसे जमा झालेले, एक्केचाळीस हजारांवर शिल्लक. मग मी ती बँकेची चिठ्ठी पुन्हा काढली आणि पहिल्यांदा नीट वाचली. खूण 'सही जुळत नाही' या कारणापुढं होती. खातं उघडताना बापूंनी पूर्ण नावाची सही केली होती, आणि चेकवर पाटील एवढंच, तेही घाईत, गाडीच्या टपावर कागद ठेवून.

त्या दिवशी बापूंनी बँकेत जाऊन नमुना सही नवी दिली आणि आम्हाला दुसरा चेक दिला. तो वटला. अर्ध्या दिवसाचं काम. पण मी त्या माणसाची गावात अब्रू घालवून बसलो होतो. मालक स्वतः गावात गेले, पाहुण्यांसमोर सांगितलं की चूक दुकानाची. सोयरीक जमली, लग्नाला आम्ही दोघंही गेलो. बापूंनी जेवणाच्या पंगतीत सगळ्यांसमोर मला विचारलं, "दिवाणजी, जिलबी परत आली म्हंजी कुठनं आली?"

तेव्हापासून पत्र बदललं. आज मी असं पत्र कसं लिहीन, ते वाचून दाखवतो. सावकाश वाचतो.

"सप्रेम नमस्कार. 12 फेब्रुवारीच्या बिलापोटी आपण दिलेला 52,300 रुपयांचा, 5 मार्च तारखेचा चेक आम्ही 6 मार्चला बँकेत भरला. तो न वटता 9 मार्चला परत आला. आपल्या बँकेने दिलेलं कारण, खात्यात पुरेशी शिल्लक नाही. मेमोची झेरॉक्स सोबत आहे. कृपया 52,300 रुपये बुधवार, 18 मार्चपर्यंत खाली दिलेल्या खात्यात भरावेत, किंवा दुकानात आणून द्यावेत. हाच चेक पुन्हा भरावा असं आपल्याला वाटत असल्यास 16 मार्चपर्यंत फोन करावा. विचारल्याशिवाय आम्ही तो पुन्हा भरणार नाही. रक्कम मिळाली की मूळ चेक आपल्याला परत देऊ. 18 मार्चपर्यंत रक्कम किंवा फोन आला नाही, तर उधारीवर माल देणं थांबवू आणि 20 मार्चला हे प्रकरण आमच्या वकिलांकडे देऊ. रक्कम आधीच भरली असल्यास तसदीबद्दल क्षमस्व, फक्त पावती दाखवावी."

वरती चेकचा नंबर आणि बँकेचं नाव, खाली एका माणसाचं नाव आणि त्याचा फोन. संपलं पत्र.

यात काय झालं ते आहे, का झालं ते आहे, आता काय करायचं ते आहे आणि न केल्यास आम्ही काय करणार तेही आहे. पुन्हा सांगतो. काय झालं, का झालं, काय करायचं, नाही केलं तर काय. 'लवकरात लवकर' नको, तारीख हवी, वारासकट. 'पुढील कारवाई' नको, वीस तारखेला वकील, असं सरळ हवं. सरळ सांगणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. मोघम धमकी जास्त बोचते.

कारण मेमोवरचं जसंच्या तसं लिहा. आपलं अनुमान लिहू नका. 'तुम्ही खात्यात पैसे ठेवले नाहीत' आणि 'बँकेने दिलेलं कारण असं आहे', यातला फरक मला बापूंनी शिकवला. आणि न विचारता चेक पुन्हा भरू नका. पुन्हा परत आला तर त्याची बँक त्याच्याकडून दुसऱ्यांदा दंड घेईल, आणि त्याचा राग तुमच्यावर निघेल.

आता अठरा मार्चच का, तेवढं सांगतो. खात्यात पुरेसे पैसे नाहीत म्हणून चेक वटला नाही, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं 138 कलम लागू होतं. बँकेकडून चेक परत आल्याचं कळलं, त्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस जावी लागते. बापूंच्या वेळी 15 दिवसच होते, 2003 पासून 30 झाले. आमच्या उदाहरणात मेमो 9 मार्चला मिळाला, म्हणजे मुदत 8 एप्रिलपर्यंत. सौजन्याचं पत्र या तीस दिवसांतच उरकायचं. गिऱ्हाईक 'उद्या देतो, परवा देतो' म्हणत राहतं, आपणही भिडेखातर थांबतो आणि आठ एप्रिल उलटून जातो. म्हणून पत्राला आठ-नऊ दिवस आणि वकिलाला उरलेले.

नोटीस मिळाल्यापासून गिऱ्हाइकाला पैसे द्यायला 15 दिवस असतात. 24 मार्चला मिळाली तर 8 एप्रिलपर्यंत. तेव्हाही दिले नाहीत, तर त्यानंतर एका महिन्यात कोर्टात तक्रार करायची.

इथं एक मेख आहे. कायद्यात नोटिशीचा ठरलेला नमुना नाही. चेकची रक्कम लेखी मागितली, तर तुमचं हे साधं पत्रच नोटीस होतं असं समोरचा वकील म्हणू शकतो, आणि मग पुढची मुदत त्या पत्रापासून मोजायचा वाद होतो. म्हणून मघाशी वाचलेल्या पत्राच्या शेवटी मी आणखी एक ओळ घालतो, 'हे पत्र म्हणजे 138 कलमाखालची नोटीस नाही.' तरी पत्राचा नमुना एकदा आपल्या वकिलाला दाखवून ठेवा. आणि बँकेने तुमच्याकडून कापलेले पैसे मागायचेच असतील तर वेगळ्या ओळीत, वेगळा आकडा लिहून मागा. चेकच्या रकमेत मिसळू नका. वकिलाच्या नोटिशीत तर मुळीच नाही. तिथं मागणीचा आकडा आणि चेकचा आकडा जुळला नाही, तर सगळी नोटीसच बाद होऊ शकते.

हल्ली हे सगळं व्हॉट्सअॅपवर पाठवतात. पाठवा, पण त्याच्या एकट्याच्या नंबरवर. मी बागायतदारांच्या ग्रुपवर चेकचा फोटो टाकलेला बघितलाय, खाली हात जोडलेलं चित्र! उघड्या कार्डानं एका गावात बोभाटा झाला होता, ग्रुपवर टाकलं की तालुकाभर होतो. आणि पत्र टपालानं पाठवणार असाल तर पाकिटात घाला, पाकीट चिकटवा, वर दुकानाचा 'वसुली' असला शिक्का मारू नका. आमच्याकडे तो शिक्का होता. मालकांनी लग्नाहून परत आल्यावर तो माझ्यासमोर कृष्णेत टाकला.

नमस्कार.